जुन्या सरांकडे रेफरन्स मागायचा मेसेज: आधी काय लिहायचं, होकारानंतर काय पाठवायचं

प्रश्न: २०१८ ते २०२१ मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनियर होते. आता तळेगावला ई-वाहनांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या सीनियर पोस्टसाठी शेवटचा राउंड झालाय. त्यांनी दोन रेफरन्स मागितलेत, त्यातला एक पूर्वीचा रिपोर्टिंग मॅनेजर हवा म्हणाले. जुन्या सरांना परवा व्हॉट्सअॅपवर जेडीची पीडीएफ टाकली आणि खाली ‘सर, प्लीज रेफरन्स द्याल का?’ एवढंच लिहिलं. ब्लू टिक आली, उत्तर नाही. संबंध चांगले होते. भोसरीच्या सप्लायरच्या ब्रॅकेटचा मोठा घोळ मी त्यांच्याच हाताखाली निस्तरला होता. पण नोकरी सोडल्यापासून बोलणं नाही आणि सर आता दुसऱ्या कंपनीत आहेत. सध्याच्या ऑफिसात मी काहीच सांगितलेलं नाही. मेसेज नेमका कसा लिहू?

उत्तर:

ब्लू टिकनंतरच्या शांततेला लगेच नकार समजू नका. मला वाटतं, तुम्ही काय मागताय हेच सरांना कळलेलं नाही.

आपल्याकडे ‘रेफरन्स दे’ याचे दोन अर्थ चालतात. एक म्हणजे ‘तुमच्या कंपनीत माझा सीव्ही पुढे सरकवा, शब्द टाका’. दुसरा म्हणजे ‘नव्या कंपनीने माझ्याबद्दल विचारलं तर उत्तर द्या’. चाकणपासून रांजणगावपर्यंत रोज पहिल्याच अर्थाचे मेसेज फिरत असतात, त्यातले बहुतेक जेडी नाहीतर सीव्हीची पीडीएफ जोडून येतात. तुमच्या मेसेजलाही पीडीएफ होती. सरांनी ती उघडली असेल तर त्यांना दिसली दुसऱ्याच कंपनीची जाहिरात. आता हिला मी तिथे चिकटवून द्यायचं का, तिथे माझ्या ओळखीचं कोण आहे, आणि एवढ्या वर्षांनी ही एकदम कुठून आली, असे तीन प्रश्न डोक्यात आले की माणूस ‘रात्री निवांत बघू’ म्हणतो आणि ती रात्र काही येत नाही.

मी अठरा वर्षं पुण्याच्या या पट्ट्यात भरतीचं काम करते. उमेदवारांच्या जुन्या साहेबांना फोन लावून चौकशी करणं हा त्यातला नेहमीचा भाग. त्यामुळे फोनच्या दुसऱ्या टोकाला काय चालतं ते मला रोज ऐकू येतं. ‘हो, चांगली मुलगी होती, हार्डवर्किंग होती’ एवढं बोलून जे साहेब थांबतात, त्यांच्या मनात तुमच्याविषयी वाईट काही नसतं. त्यांना आठवतच नसतं. तुमच्यानंतर त्यांच्या हाताखालून वीस-पंचवीस पोरं गेलेली असतात. म्हणून आठवण करून देण्याचं काम तुमच्या मेसेजने करायचं. मात्र ते सगळं पहिल्याच मेसेजमध्ये कोंबायचं नाही. आधी नुसता होकार मागायचा आणि तो आला की तपशील पाठवायचा.

पहिला मेसेज साधारण असा:

> नमस्कार सर, मी (पूर्ण नाव). २०१८ ते २०२१ चाकण प्लांटला तुमच्या हाताखाली इनकमिंग क्वालिटीला होते. परवाचा मेसेज घाईत अर्धवट गेला, सॉरी.
>
> तळेगावच्या (कंपनीचं नाव) मध्ये सप्लायर क्वालिटीच्या सीनियर इंजिनियर पदासाठी माझे इंटरव्ह्यू झालेत. त्यांना माझ्या पूर्वीच्या रिपोर्टिंग मॅनेजरशी माझ्या कामाबद्दल बोलायचं आहे. त्यांना तुमचं नाव आणि नंबर दिला तर चालेल का? पुढच्या आठवड्यात त्यांच्या एचआरचा एक फोन येईल, पंधरा-वीस मिनिटांचा. तुम्हाला कुठे शिफारस वगैरे करायची नाही.
>
> तुमच्या कंपनीच्या नियमात बसत नसेल किंवा सध्या गडबड असेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारते. मला शुक्रवारपर्यंत नावं द्यायची आहेत.
>
> सध्याच्या ऑफिसात हे अजून कुणाला माहीत नाही, तेवढं आपल्यातच राहू द्या.

यातली ‘दुसऱ्या कुणाला विचारते’ ही ओळ मुलींना नको वाटते. आपणच नकाराची वाट कशाला दाखवायची, असं त्या म्हणतात. पण ही ओळ नसली तर ज्यांना द्यायचा नसतो ते साहेबही भिडेखातर हो म्हणतात, आणि भिडेखातर दिलेला रेफरन्स फोनवर लगेच ओळखू येतो. प्रत्येक उत्तर लांबवलेलं, प्रत्येक वाक्यामागे ‘तसं बघायला गेलं तर’. मी अशा फोननंतर टीप लिहिते, तेव्हा ‘साहेब मोकळे बोलले नाहीत’ हे लिहावंच लागतं. त्यापेक्षा तुम्हाला आजच मिळालेला नकार परवडला.

शेवटची ओळ तर अजिबात गाळू नका. आपला हा पट्टा फार लहान आहे. एकच प्रेस शॉप चार कंपन्यांना माल देतं, ऑडिटला आलेला माणूस गेल्या वर्षी समोरच्या कंपनीत होता. सर सहज, चांगल्या मनाने, तुमच्या आत्ताच्या कंपनीतल्या मित्राला म्हणतील, ‘आमची पोरगी तुमच्याकडून निघाली वाटतं!’ ऑफर लेटर हातात नाही, नोटीस नव्वद दिवसांची, आणि इकडे बातमी फुटलेली. हे मी घडताना पाहिलंय. जिच्याबाबत घडलं तिने सरांना गुप्त ठेवा असं सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना दोष देण्याचीही सोय नव्हती.

फोन करून विचारू का, असंही तुमच्या मनात येईल. जे साहेब फोनवरच मोकळे होतात त्यांना जरूर करा, पण फोननंतर हा मेसेज जाऊ द्याच, कारण कंपनीचं नाव आणि वार त्यांना परत बघायला लागतात. आणि सर अमराठी असतील तर हेच सगळं, ह्याच क्रमाने, प्लांटवर त्यांच्याशी ज्या भाषेत बोलायचात त्या भाषेत लिहा.

आता होकार आला असं धरू. इथून पुढे पदाच्या तपशिलाचा प्रश्न येतो, आणि चुकीची पीडीएफ चिकटवण्याची जागाही हीच. जेडीमध्ये वीस मुद्दे असतात, त्यातले बारा प्रत्येक जेडीत तेच. सरांना त्यातून काही मिळत नाही. त्यांना दोन गोष्टी हव्यात. समोरची कंपनी या पदावरच्या माणसाकडून मुख्यतः काय करून घेणार आहे, आणि त्यातलं काय त्यांनी तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी करताना पाहिलंय. इंटरव्ह्यूत ज्या विषयावर तुम्हाला पुन्हा पुन्हा खोदून विचारलं, तेच त्या पदाचं खरं काम. जेडीपेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

तुम्ही सांगितलेल्या ब्रॅकेटवरून दुसरा मेसेज लिहून बघते. बारकावे मी कल्पनेने घातलेत, तुमचे खरे तिथे घाला.

> सर, मनापासून आभार. फोन (नाव), (कंपनी) एचआर, यांचा येईल. नंबर (…). मंगळवार ते गुरुवार या दिवसांत त्या फोन करतील. तुम्हाला कोणती वेळ बरी पडेल? मी त्यांना तीच सांगते.
>
> काम असं आहे: चाळीसेक सप्लायर, त्यातले बरेच प्रेस आणि वेल्डिंगवाले. तक्रार आली की सप्लायरकडे जाऊन मूळ कारण शोधायचं, नव्या पार्टची मंजुरी करायची आणि सप्लायरचं ऑडिट. इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त प्रश्न पहिल्या मुद्द्यावर होते.
>
> तुमच्या हाताखाली मी केलेलं, आठवणीसाठी: भोसरीच्या सप्लायरच्या ब्रॅकेटमध्ये वेल्डिंगनंतर भोकाची जागा सरकत होती आणि कस्टमरच्या लाइनवर बोल्ट बसत नव्हता. तुम्ही मला दोन आठवडे तिथेच पाठवलं होतं. शेवटी फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजलेली निघाली. पिन बदलली आणि दर शिफ्टच्या सुरुवातीला ती गेजने तपासायची असं ठरवून दिलं.
>
> नव्या पार्टच्या मंजुरीचे कागद मी तयार करायचे, सही तुमची असायची. ऑडिटला मी तुमच्याबरोबर होते, एकटीने केलं नव्हतं. एकटीने ऑडिट मी आत्ताच्या कंपनीत करते.
>
> माझ्या सीव्हीत त्या काळासाठी पद ‘क्वालिटी इंजिनियर’ आणि जुलै २०१८ ते नोव्हेंबर २०२१ असं लिहिलं आहे. सोडण्याचं कारण मी ‘सप्लायरकडचं काम वाढवायचं होतं, तिथे जागा नव्हती’ असं सांगितलं आहे. यात काही खटकत असेल तर मला आधी सांगा.

ब्रॅकेटचा परिच्छेद पुन्हा वाचा. ‘मी कारण शोधण्यात चांगली आहे’ असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. नुसता प्रसंग आहे: कुठे, काय होत होतं, कुणी पाठवलं, काय निघालं. तो वाचला की सरांना ते दोन आठवडे आठवतील, कदाचित तुम्ही विसरलेलं काहीतरीही आठवेल. मी विचारेन, ‘अवघड प्रसंगात ती कशी वागते?’ आणि ते म्हणतील, ‘अहो, दोन आठवडे ती त्या शेडमध्ये उभी होती, सप्लायरचा मालक आधी पिन बघूच देत नव्हता.’ मी तो मालक टिपून ठेवते. असं काही ऐकलं की बाकीच्या ‘उत्तम, उत्तम’ उत्तरांना वजन येतं.

सरांनी काय बोलावं हे मात्र कधीही लिहून देऊ नका. एकदा एका उमेदवाराच्या दोन साहेबांना मी एकाच दुपारी फोन केला. दोघांनी ‘ती प्रॉब्लेम स्वतःच्या घरचा असल्यासारखा घेते’ हे वाक्य शब्दशः सारखं म्हटलं. वाक्य छानच होतं. पण दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. दोघेही खरंच तिच्यावर खूश असतील, पण त्यानंतर त्यांनी सांगितलेलं काहीच मला वापरता आलं नाही.

‘ऑडिट एकटीने केलं नव्हतं’ ही ओळ तुम्हाला टोचेल. आपणच आपली कमी बाजू का लिहायची? कारण मी सरांना विचारणार आहे: ‘सप्लायर ऑडिट त्या स्वतंत्रपणे करायच्या का?’ तुमची ओळ नसेल तर सर गडबडतील. तुमच्या भल्यासाठी हो म्हणतील किंवा ‘नाही नाही, ऑडिट मीच करायचो’ म्हणतील, आणि तुम्ही इंटरव्ह्यूत काय सांगितलं होतं ते माझ्यासमोर कागदावर असतं. ओळ असेल तर ते शांतपणे म्हणतात, ‘माझ्याबरोबर यायची, एकटीने नंतर करायला लागली असं ऐकलंय.’ दोन्ही बाजू जुळल्या, विषय संपला.

अशा चौकशीत गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. वाईट बोलणारा साहेब मला वर्षात एखादा भेटतो, न जुळणारा तपशील मात्र दर महिन्याला भेटतो. एका मुलाने सीव्हीत ‘सहा जणांची टीम सांभाळली’ लिहिलं होतं. त्याच्या सरांना विचारलं तर ते हसले. ‘टीम कसली, शिफ्टला कॉन्ट्रॅक्टचे इन्स्पेक्टर असायचे, ते सगळे मलाच रिपोर्ट करायचे.’ मुलगा खोटारडा नव्हता. तो शिफ्टमध्ये त्यांना कामं वाटून द्यायचा आणि त्यालाच टीम सांभाळणं समजत होता. पण त्याची ऑफर तीन आठवडे लटकली, कारण त्यानंतर सीव्हीतली प्रत्येक ओळ पुन्हा तपासली गेली. सीव्हीतलं वाक्य सरांना आधी वाचायला मिळालं असतं तर त्यांनीच त्याला सांगितलं असतं, ‘अरे, असं नको लिहूस.’

तारखांबाबतही हेच. जुन्या कंपनीच्या एचआरकडून येणारं उत्तर आणि रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखा पक्क्या असतात, पीएफच्या नोंदीतही नोकरीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. सरांना महिना नक्की आठवणार नाही आणि त्याने बिघडतही नाही. पण तुमचा मेसेज समोर असला की ते उगाच ‘पाच वर्षं होती’ म्हणून मोकळे होत नाहीत. हुद्दा लिहिताना ऑफर लेटरवरचा लिहा, लोक ज्या नावाने हाक मारायचे तो नको. पगाराचा आकडा सरांना कळवायचं कारण नाही. त्यांना विचारला तर ‘एचआरकडून घ्या’ एवढंच त्यांनी म्हणायचं असतं आणि जाणते साहेब तेच म्हणतात.

सर आता त्या कंपनीत नाहीत, याचीही एक अडचण येईल. मॅनेजरला फोन नव्या कंपनीची एचआर करते, पण कागदोपत्री पडताळणी पुष्कळदा बाहेरच्या एजन्सीकडे असते आणि ती ईमेलवर फॉर्म पाठवते. फॉर्ममध्ये ऑफिसचा ईमेल मागतात. जीमेलचा पत्ता दिला तर बऱ्याच एजन्सी तो परत पाठवतात, कारण जीमेलवर कुणीही कुणाचंही सर बनू शकतं. म्हणून दुसऱ्या मेसेजमध्येच विचारून घ्या: ‘फॉर्म ईमेलवर आला तर तुमचा आत्ताचा ऑफिसचा आयडी दिला तर चालेल, की वैयक्तिक देऊ?’ ऑफिसचा द्यायला सर कचरले तर त्यांना आग्रह करू नका. तळेगावच्या एचआरला सांगा की मॅनेजर चाकणची कंपनी सोडून गेलेत, त्यांचं लिंक्डइन प्रोफाइल हे, त्यावर त्या काळातला हुद्दा दिसतो. मी असं नेहमी चालवून घेते. एजन्सीला हे आधी कळलेलं असलं की ती अडत नाही. फॉर्म नाकारून झाल्यावर कळलं तर आठवडा जातो.

सर आत्ता ज्या कंपनीत आहेत ती तळेगावच्या कंपनीला माल पुरवते का, किंवा तिच्याकडून घेते का, तेही बघून घ्या. तसं असेल तर सरांना ते पहिल्याच मेसेजमध्ये सांगा आणि एचआरलाही कळवा. तुमच्याबद्दल चांगलं बोलणं म्हणजे स्वतःच्या ग्राहकाला खूश ठेवणं, असा अर्थ कुणी काढायला नको. अशा वेळी मी उमेदवाराला तिसरं नाव देऊन ठेवायला सांगते.

फोनच्या बाबतीत अगदी बारीक पण नेहमी नडणारी गोष्ट म्हणजे अनोळखी नंबर. साहेब लोक तो उचलत नाहीत, क्रेडिट कार्डवाले समजून कापतात. मी दोनदा लावते, तिसऱ्यांदा मेसेज टाकते आणि मग फायलीत ‘संपर्क झाला नाही’ असं लिहिते. म्हणून फोन करणाऱ्याचं नाव आणि नंबर सरांना आधी कळवणं तुमच्याच हिताचं. एचआरकडे नंबर मागायला लाजू नका, आम्हाला त्याने सोपंच जातं.

उत्तर येईल तेव्हा त्याचा सूरही ऐका. ‘हो, दे नंबर. कोणती कंपनी म्हणालीस?’ हा खरा होकार, कारण त्यांना पुढचं जाणून घ्यायचंय. ‘बघू’, ‘देऊन ठेव’, ‘वेळ मिळाला तर’ यात मन नाही. तिथे वाद न घालता ‘सर, तुम्ही गडबडीत दिसताय, मी दुसरं नाव देते, काही हरकत नाही’ असं लिहून मोकळ्या व्हा. ‘आमच्या पॉलिसीत फक्त एचआर उत्तर देते’ असं आलं तर मात्र नाराज होऊ नका. कित्येक कंपन्यांत मॅनेजरला लेखी काही द्यायला बंदी असते आणि एचआर फक्त हुद्दा आणि तारखा सांगते. तरीही काही साहेब वैयक्तिक नात्याने फोनवर बोलायला तयार असतात. त्यांना एकदा विचारा, ‘लेखी नको, फक्त फोनवर, तुमच्या वैयक्तिक मताने, चालेल का?’ पुन्हा नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

आणि काहीच उत्तर आलं नाही तर? नवा मेसेज आज संध्याकाळी आठच्या आसपास टाका. सकाळी नऊला नको, तेव्हा प्लांटवर कालच्या रिजेक्शनची मीटिंग चालू असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन दिवसांनी एक ओळ: ‘सर, शुक्रवारी नावं द्यायची आहेत म्हणून आठवण, जमत नसेल तरी नुसतं नाही लिहिलं तरी चालेल.’ त्यानंतर तिसरा मेसेज नाही. गुरुवारी रात्रीपर्यंत उत्तर नसेल तर त्या काळातल्या दुसऱ्या वरिष्ठांकडे वळा, म्हणजे प्लांट क्वालिटी हेड, किंवा ज्यांच्या लाइनसाठी तुम्ही माल पास करत होतात ते प्रॉडक्शनचे मॅनेजर. एचआरला मात्र आधी सांगून ठेवा की रिपोर्टिंग मॅनेजरशी संपर्क होत नाही, म्हणून त्यांच्या वरचे किंवा शेजारच्या विभागाचे साहेब देतेय. न सांगता प्रॉडक्शनवाल्यांचं नाव ‘रिपोर्टिंग मॅनेजर’च्या रकान्यात घालू नका. पहिलाच प्रश्न ‘त्या तुम्हाला किती वर्षं रिपोर्ट करायच्या?’ असा असतो.

सरांनी हो म्हटलं आणि फोन झाला, तर त्याच दिवशी आभाराचे दोन शब्द पाठवा. ‘काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?’ हे खोदू नका. सांगायचं असेल तर ते स्वतःच सांगतील, आणि बहुतेक सांगतातच.